मुदत कमी, म्हणून नकार : मुद्रितशोधकाच्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मराठी पुस्तकांची प्रूफं वाचते. वर्षाकाठी जेवढी कामं घेते, जवळजवळ तेवढ्यांनाच ‘नाही’ म्हणते, आणि त्यातले बहुतेक नकार मुदतीपायी असतात. पत्र गेलं की दोन दिवसांत फोन येतो, कधी लेखकाचा, कधी त्यांच्या मुलाचा किंवा सुनेचा. विचारतात ते साधारण तेच असतं. ते सगळं इथे एका खऱ्या पत्राच्या आधाराने लिहून ठेवते आहे. पत्र ज्यांना गेलं, त्यांची परवानगी घेतली आहे. नाव अर्थातच काढलं आहे.

हे नकाराचं पत्र असतं तरी कसं?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचं आत्मचरित्र होतं. पंचाहत्तरीचा समारंभ ठरलेला, हॉलचे पैसे भरलेले, निमंत्रणपत्रिका छापायला गेलेली. मजकूर माझ्याकडे सोमवारी संध्याकाळी आला आणि नऊ दिवसांत ‘प्रेसला जाईल असा’ करून हवा होता. मंगळवारी दुपारी मी हे पाठवलं :

> आदरणीय … यांस,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या आत्मचरित्राची संहिता काल संध्याकाळी मिळाली. नऊ दिवसांत ती छपाईला द्यायची आहे असे आपण कळवले आहे. या मुदतीत हे काम मला स्वीकारता येणार नाही.
>
> पुस्तक डेमी आकारात ४१६ पानांचे, म्हणजे २६ फॉर्मचे आहे. तीन ठिकाणची चार-चार पाने मी आज सकाळी वाचून पाहिली. त्या वेगाने पहिल्या वाचनाला १२ दिवस, दुसऱ्या वाचनाला ७, अखेरच्या तपासणीला २ आणि मधल्या दुरुस्त्या लावायला डीटीपीकडे ६, असे एकूण २७ दिवस लागतील. नऊ दिवसांत फार तर एक घाईचे वाचन होईल, आणि तेवढ्यावर पुस्तकात मुद्रितशोधक म्हणून माझे नाव छापणे योग्य होणार नाही.
>
> दोन मार्ग सुचतात. प्रकाशन सव्वा महिना पुढे नेता आले, तर येत्या सोमवारपासून मी काम सुरू करू शकेन. समारंभाची तारीख हलणार नसेल, तर निवडक दोन प्रकरणांची ३२ पानी पुस्तिका त्या दिवशी द्यावी. ती मी पाच दिवसांत वाचून देईन. मूळ पुस्तक मागाहून सावकाश निघू द्यावे.
>
> वाचलेल्या १२ पानांवर खुणा केल्या आहेत, ती पाने सोबत जोडली आहेत. त्याचे काही शुल्क नाही. आपले उत्तर आल्यावर, किंवा उत्तर न आल्यास आठ दिवसांनी, फाइल माझ्या संगणकावरून काढून टाकीन.
>
> वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणताना संकोच वाटतो. राग नसावा.
>
> आपली,
> …

२७ दिवस हा आकडा आणला कुठून? अंदाजपंचे?

नाही. वाचलेली १२ पानं मी घड्याळ लावून वाचली. सुरुवातीच्या चार पानांना २५ मिनिटं लागली, मधल्या चार पानांना ३५ आणि शेवटच्या चारांना ४२. म्हणजे १२ पानांना १०२ मिनिटं, तासाला सात पानं. ४१६ पानांना साठेक तास. दिवसाला पाच तास धरले तर बारा दिवस.

पहिलं वाचन संपलं म्हणजे काम संपलं, अशी पुष्कळांची समजूत असते. माझ्या लाल खुणा डीटीपी करणाऱ्याकडे जातात, तो करेक्शन लावतो, आणि ते लावताना नव्या चुका जन्माला येतात. हे त्याच्या निष्काळजीपणामुळे होतं असं नाही. एका परिच्छेदात अर्धी ओळ वाढली की पुढचं पान सरकतं, प्रकरणाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकतात. कधी खूण एका ओळीतल्या ‘ही’ला असते आणि दुरुस्त होते खालच्या ओळीतली ‘ही’. म्हणून दुसरं वाचन लागतंच. ते जरा भरभर होतं, तासाला बारा पानं. म्हणजे पस्तीस तास, सात दिवस. करेक्शनला पहिल्या वेळी चार दिवस आणि दुसऱ्या वेळी दोन. शेवटचे दोन दिवस फक्त नावं, फोटोंखालच्या ओळी, पृष्ठांक, अर्पणपत्रिका आणि मलपृष्ठ यांचे.

आता नऊ दिवसांचा हिशेब उलट्या बाजूने करून बघा. पहिल्या करेक्शनचे चार दिवस वजा केले की उरतात पाच. दुसरं वाचन सोडूनच दिलं, तरी रोज ८३ पानं, म्हणजे बारा तास वाचन. आणि डीटीपीवाल्याने त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाची पत्रिका घेतलेली नसेल, असं गृहीत धरून.

नमुन्याला पहिलीच बारा पानं का नाही घेत?

कारण पहिलं प्रकरण प्रत्येक लेखकाने दहा वेळा वाचलेलं असतं. ते स्वच्छच असतं. खरी परिस्थिती मधल्या पानांत आणि शेवटच्या पानांत दिसते.

या पुस्तकात ते अगदी ठळक दिसलं. सुरुवातीची प्रकरणं नव्याने युनिकोडमध्ये टाइप केलेली होती. पानाला पाच-सहा चुका, त्याही साध्या. मधला भाग म्हणजे त्यांनी पूर्वी दिवाळी अंकांसाठी लिहिलेले लेख. जुन्या फाँटमधल्या फाइली होत्या, त्या कुणीतरी युनिकोडमध्ये बदलून दिल्या होत्या. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप व्हायची, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. त्यामुळे बदलताना गडबड झाली तर ती नेमकी वेलांटी आणि रफार या दोन जागी सापडते. ‘कर्तव्य’चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘स्थिती’ची पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. असा मजकूर वाचताना डोळा प्रत्येक जोडाक्षरावर थांबतो. शेवटचा भाग मोबाइलवर टाइप झालेला होता. तिथे पूर्णविरामांचाच पत्ता नव्हता.

या नमुन्यात आणखी एक गोष्ट हाती लागली. लेखक पानशेतच्या पुराच्या वेळी शाळकरी मुलगा होते आणि पुण्यातच होते. ती आठवण पुस्तकात दोन ठिकाणी आली आहे. एका ठिकाणी १२ जुलै १९६१, तर दुसऱ्या ठिकाणी १३ जुलै. धरण फुटलं ते १२ जुलैला. दुसऱ्या जागी कदाचित त्यांना पुराच्या दुसऱ्या दिवसाबद्दलच बोलायचं असेल, पण वाक्यावरून तसं कळत नव्हतं. बारा पानांत असा एक घोळ निघाला, तर उरलेल्या चारशे पानांत किती असतील? प्रत्येकासाठी लेखकाला फोन करून विचारावं लागतं आणि ते आठवून, जुनी डायरी काढून सांगेपर्यंत काम थांबतं. खरं तर हा वेळ मी २७ दिवसांत धरलेलाच नाही.

दिवसाला पाचच तास? आम्ही ऑफिसात आठ-आठ तास काम करतो.

वाचायला मीही आठ तास वाचू शकते. प्रूफ वाचणं वेगळं असतं. वाचणारा माणूस अख्खा शब्द एका नजरेत घेतो. मला तो अक्षर-अक्षर सोडवून बघावा लागतो. पाचेक तासांनंतर डोळा पुन्हा वाचकासारखा वागायला लागतो. ‘निणर्य’ असं छापलेलं असलं, तरी तो ‘निर्णय’च वाचून मोकळा होतो.

हे कळतं कसं? मी संध्याकाळची शेवटची दोन पानं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचते. त्यात दोनापेक्षा जास्त सुटलेल्या चुका निघाल्या, तर आदल्या दिवशीच्या शेवटच्या तासाभरातली सगळी पानं परत वाचायला घेते. रोज बारा तास वाचलं तर रोज सकाळचा वेळ या परतफेडीतच जाईल.

मग दोघी-तिघींत वाटून घ्या ना!

सगळ्यांत जास्त येणारी सूचना हीच, आणि ऐकायला अगदी बरोबर वाटते. काही पुस्तकांना ती चालतेही, उदाहरणार्थ वेगवेगळ्या लेखकांचे लेख असलेली स्मरणिका. एका माणसाच्या आत्मचरित्राला ती चालत नाही.

मराठीच्या लेखननियमांनी पुष्कळ गोष्टी पक्क्या केल्या आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि त्या अठरांवर आम्ही सगळेच चालतो. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं पण ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं, यावर दोन मुद्रितशोधकांचं भांडण होणार नाही. भांडण होतं ते नियमाबाहेरच्या निवडींवर. निवेदनात ‘केले’ ठेवायचं की ‘केलं’? ‘पुण्यातील’ की ‘पुण्यातले’? मामांचा उल्लेख ‘मामा म्हणाले’ असा की ‘मामा म्हणाला’ असा, कारण लेखकाने दोन्ही लिहिलंय? एकटी वाचत असले की पहिल्या पन्नास पानांत मी एक यादी करते आणि पुढे तिच्यावर चालते. तिघींनी एकदम तीन तुकडे सुरू केले तर तीन याद्या होतात. मग त्या एकत्र करायला कुणीतरी सगळं पुस्तक पुन्हा वाचायचं. वाचलेला वेळ तिथे जातो.

व्यक्तींची नावं तर फारच वाईट. पान ४० वरची ‘सुमतीआत्या’ पान ३१० वर ‘सुमनआत्या’ झाली, तर ते फक्त दोन्ही पानं वाचलेल्या माणसालाच कळणार.

नुसती वरवर नजर टाका. ढोबळ चुका तेवढ्या काढा.

ढोबळ चूक कुठली, हे वाचल्याशिवाय कळत नाही, हीच पंचाईत आहे. ‘आणी’ किंवा ‘कि’ संगणकातला तपासनीसही दाखवतो. पण ‘दीन’ आणि ‘दिन’ हे दोन्ही शब्द खरे आहेत, ‘शिर’ आणि ‘शीर’ही खरे. ‘स्वातंत्र्य दीन’ असं शब्द तोडून छापलं, तर संगणक गप्प बसेल आणि गावभर हसू होईल. वरवरची नजरही तिथून सरळ पुढे जाते.

जादा पैसे दिले तर?

पैशांनी माझा दुसऱ्याला दिलेला आठवडा मोकळा होत नाही. तातडीचा दर मी लावते, पण तो चाळीस-पन्नास पानांच्या कामाला, जिथे एक रविवार घालून भागतं.

अशा घाईत कधीच काम घेतलं नाही का?

घेतलं होतं. म्हणून तर हे पत्र लिहायला शिकले.

एका प्रकाशकांचं गौरवग्रंथाचं काम होतं, तीनशेच्या आसपास पानं, सहा दिवस. ओळखीतून आलेलं, नाही म्हणता आलं नाही. पहिली सव्वाशे पानं मी नेहमीसारखी वाचली. मग वेग वाढवत गेले. शेवटच्या रात्री फोटोंची पानं आली, फोटोंखाली घराण्यातल्या माणसांची नावं. तोवर माझा डोळा फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत होता. एका ओळीत चार नावं होती. पहिल्या तिघांच्या आधी ‘कै.’ होतं आणि चौथ्याच्याही आधी ‘कै.’ पडलं होतं. तीनदा तेच आलं, म्हणून चौथ्यांदा ते माझ्या नजरेला खटकलंच नाही. अक्षरं तर शुद्धच होती.

चौथे काका समारंभाला पहिल्या रांगेत बसले होते.

पाचशे प्रतींवर ‘श्री.’ अशी छोटी चिकटपट्टी लावावी लागली. काकांनी हसण्यावारी नेलं, काकूंनी नाही. शुद्धिपत्र छापून ही गोष्ट आणखी चव्हाट्यावर आणू नये, एवढं भान सगळ्यांनी ठेवलं. तेव्हापासून नावांच्या आधीची श्री., सौ., चि., कै. ही सगळी अक्षरं मी वेगळ्या वाचनात, दुसरं काहीही न बघता, घरातल्या एका माहितगार माणसाला फोनवर घेऊन तपासते. त्या अखेरच्या दोन दिवसांतलं अर्धं काम हेच असतं.

फोनवर सांगून टाकलं तर चालत नाही? पत्रच कशाला?

फोनवर आपल्याकडे ‘नाही’ म्हटलं जात नाही. ‘बघते’, ‘कळवते’, ‘जमवायचा प्रयत्न करते’ असं म्हटलं जातं. बोलणारीच्या मनात तो नकार असतो, ऐकणाऱ्याच्या कानात तो होकार असतो. चार दिवसांनी ‘काय ताई, कुठवर आलं?’ असा फोन येतो आणि तोवर नऊ दिवसांचे पाच उरलेले असतात. ते चार दिवस मी खाल्लेले असतात.

म्हणून दोन गोष्टी पाळते. उत्तर मजकूर आल्यापासून चोवीस तासांत जातं, आणि ‘स्वीकारता येणार नाही’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात येतं. त्याच्या आधी कौतुकाचे दोन परिच्छेद घातले, तर घाईने वाचणाऱ्याला होकारच आला असं वाटतं. एकदा एका लेखकांनी माझं असं लांबण लावलेलं पत्र वाचून पेढ्यांचा बॉक्स पाठवला होता. तेव्हा तो नकार तोंडाने द्यावा लागला, पेढा हातात धरून.

लेखी आकड्यांचा आणखी एक उपयोग होतो. लेखकाला तो कागद घरच्यांपुढे, प्रकाशकापुढे ठेवता येतो. ‘त्या बाई नाही म्हणाल्या’ यापेक्षा ‘२६ फॉर्मना २७ दिवस लागतात’ हे घरात जास्त चालतं.

पत्रात काय लिहीत नाही?

मजकुराबद्दल मत देत नाही. ‘भाषा बरीच अशुद्ध असल्याने वेळ लागेल’ असं एकदा लिहून बघितलं होतं, खरं असूनही. त्यावर मला माझ्या शिक्षणाची चौकशी करणारं दीड पानी उत्तर आलं. आता खुणा केलेली पानंच जोडते. ज्याला बघायचं तो बघतो.

खोटं कारणही देत नाही. तब्येत, घरचं लग्न, परगावी जाणं यातलं काही सांगितलं की समोरचा माणूस ते कारण संपायची वाट बघतो. शिवाय पुण्यात ‘परगावी’ असलेलं माणूस तिसऱ्या दिवशी मंडईत भेटतं.

वर्षभरात केव्हा विचारलेलं बरं?

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत आम्ही दिवाळी अंकांत बुडालेले असतो. त्या काळात मोठं पुस्तक कितीही मुदतीचं असलं, तरी मी घेत नाही.

आमची फाइल तुमच्याकडे राहते त्याचं काय?

राहत नाही. उत्तर आलं की काढते, उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी. आत्मचरित्रांत लोक भावाभावांतले वाद, जमिनीचे व्यवहार, बरंच काही लिहितात आणि पुष्कळदा छापण्याआधी त्यातलं अर्धं काढतात. कच्चा मजकूर तिसऱ्या माणसाच्या संगणकात पडून राहणं बरं नाही. खुणांची बारा पानंही मी ठेवून घेत नाही.

त्या अभियंत्यांचं पुढे काय झालं?

पत्र गेलं त्याच रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला. जरा चिडलेलाच होता. पत्रिकेवर ‘पुस्तक प्रकाशन’ असं छापून झालं होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतः केला. त्यांनी पुराच्या तारखेची खूण पाहिली होती. त्या वाक्यात खरंच दुसऱ्या दिवसाबद्दल सांगायचं होतं, फक्त ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द राहून गेले होते. खात्यात आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, काँक्रीट सेट व्हायला लागतात तेवढे दिवस लागतातच, मुलाला मी सांगतो.

पानशेतचा पूर आणि पहिली नोकरी, अशा दोन प्रकरणांची ३२ पानी पुस्तिका समारंभात वाटली. पत्रिकेवरचा ‘पुस्तक’ हा शब्द कुणी काढला नाही. मूळ पुस्तकाचं काम पुढच्या सोमवारी सुरू झालं आणि २७ ऐवजी ३१ दिवसांनी संपलं, कारण दुसऱ्या वाचनाच्या वेळी त्यांनी बदलीचं प्रकरण नव्याने लिहून दिलं. वाढलेल्या पानांमुळे अनुक्रमणिका पुन्हा करावी लागली, तिचे पैसे मी लावले.